वरचं का खालचं?

कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी पडली की आमच्या नात्यागोत्यातून त्याचा फोटो हमखास माझ्याकडे येतो. खाली एकच प्रश्न असतो, "पाणी जास्त झालं का गं?" उत्तर देण्याआधी मी जे चार प्रश्न विचारते, ते माझे नाहीत. ते आटपाडीच्या माझ्या मामांचे आहेत, आणि त्यांचं हे देणं एकदा नीट लिहून ठेवावं असं कधीपासून मनात आहे.

मामा डाळिंबवाले. आमचा माणदेश पर्जन्यछायेतला. टेंभूचं पाणी येण्याआधी उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की टँकरची वाट बघायची, हे माझ्या लहानपणी घरोघरी होतं. त्या कोरड्या हवेत डाळिंब रमलं. आता डाळिंबवाल्याची गंमत अशी की त्याला पान मुद्दाम पिवळं करावं लागतं. बहार धरायचा म्हणजे बागेचं पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पान पिवळं होऊन गळू द्यायचं, मग छाटणी, खत आणि पुन्हा पाणी. मुरमाड रानात ताण लवकर बसतो, काळ्या रानात वेळ लागतो. तहानेनं पिवळं होणारं पान कसं दिसतं, हे मामांनी दर वर्षी आपल्या हातानं घडवून पाहिलेलं. त्यामुळे मर रोगाचा पिवळा वेगळा, चुनखडीचा वेगळा आणि भुकेचा वेगळा, हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही. आम्हा बाकीच्यांना तो सगळा एकच रंग दिसायचा.

माझ्या पुण्यातल्या जावेच्या घरी हॉलमध्ये टीव्हीशेजारी मनीप्लांट होता. त्याची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मी तिच्या फोनवरून मामांना फोटो पाठवला. रात्रीची वेळ, वर पिवळसर दिवा. मामांचा लगेच फोन आला.

"रातीच्या फोटूत समदंच पिवळं दिसतंय, पोरी. सकाळच्याला खिडकीपाशी काढ. ऊन नको, नुसता उजेड पायजे. आन् पानामागं एक पांढरा कागद धर."

त्या कागदामागचं कारण मला पुढे कळलं. फोनचा कॅमेरा दिव्याच्या रंगाचा अंदाज बांधून चित्राचा रंग आपणच बदलतो. त्यामुळे हिरवं पान पिवळट येतं नाहीतर पिवळं पान बरं दिसतं. चौकटीत पांढरा कागद असला की बघणाऱ्याला तपासता येतं. कागदच पिवळट दिसत असेल तर पानाच्या पिवळेपणावर विश्वास ठेवायचा नाही. नुसत्या एका पानाचा फोटोही मामांना चालायचा नाही. पूर्ण झाड, पानाची पाठ, माती आणि कुंडीचा तळ, एवढं सगळं दिसलं पाहिजे.

सकाळी कुंडीचा तळ सोडून बाकी सगळे फोटो गेले. मग मामांचा पहिला प्रश्न आला, जो मी तेव्हापासून प्रत्येकाला विचारते आहे: "पिवळं कुठलं पडलंय? वरचं का खालचं?"

खालचं, म्हणजे जुनं पान आधी गेलं असेल तर कारणांची एक वाट. मुळं गुदमरली, उजेड कमी पडला, किंवा नत्र संपलं तर झाड जुन्या पानांतला माल काढून नव्या पानांना देतं, आणि जुनी पानं पिवळी पडतात. वरचं कोवळं पानच पिवळं येत असेल तर वाट निराळी. लोहासारखी काही द्रव्यं एकदा पानात बसली की झाडाला तिथून हलवता येत नाहीत, म्हणून त्यांची तूट नव्या पानावर दिसते. माती, पाणी, ऊन यांचा विचार त्यानंतर.

जावेच्या मनीप्लांटची खालची पानं पिवळी होती, शिरांसकट. दुसरा प्रश्न पोताचा होता. पान हाताला मऊ, लिबलिबीत लागतं का कडक? फोटोत हे कळत नाही, हात लावूनच सांगावं लागतं. जावेनं सांगितलं, मऊ. तहानेनं पिवळं झालेलं पान कडेनं वाळतं, कुरकुरीत होतं, आणि माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. इथे माती काळी, ओली, वर हिरवट बुरशी धरलेली. म्हणजे पाणी जास्त. जाऊ म्हणाली, "पण मी तर दिवसाआड एक पेलाच घालते, आधीच्या घरीही तेवढंच घालत होते, तिथे छान होता."

मामा तिथेच थांबले नाहीत. ते झाडाचा पूर्ण फोटो बघत होते. वेल खिडकीच्या बाजूला झुकलेला होता. दोन पानांमधलं अंतर जुन्या भागात बोटभर, नव्या भागात त्याच्या दुपटीहून जास्त. नवी पानं लहान, आणि जुन्या पानांवर असलेले पिवळसर पांढरे पट्टे नव्यांवर जवळजवळ गेलेले. उजेडासाठी ताणलेल्या मनीप्लांटची हीच खूण. मामा म्हणाले, "पानी त्येवढंच हाय, पन उजेड न्हाई म्हून झाड पितच न्हाई. न पिलेलं पानी मुळाशी साचतंय."

पाणी जास्त की उजेड कमी, असा वाद लोक घालतात तेव्हा मला हे वाक्य आठवतं. घरातल्या कुंडीत ही दोन कारणं बहुतेक वेळा एकाच दोरीला बांधलेली असतात. उजेड कमी झाला की पान कमी काम करतं, मूळ कमी पाणी ओढतं, आणि कालपर्यंत बेताचं असलेलं पाणी आज जास्त ठरतं. मातीतली हवेची जागा पाण्यानं भरली की मुळाला श्वास मिळत नाही, ते सडतं, आणि सडलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून माती ओली असूनही झाड मान टाकतं. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो.

कुंडीचा तळ बघायला मामांनी सांगितलं तेव्हा कळलं की प्लॅस्टिकची कुंडी एका शोभेच्या चिनीमातीच्या भांड्यात ठेवलेली, आणि त्या भांड्याला भोक नव्हतं. तळाशी पाणी उभं. झाड उपसून काढलं. काही मुळं पांढरी, कडक होती, काही तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून आत दोऱ्यासारखं उरायचं. ती कापली. झाड खिडकीजवळ आलं, शोभेचं भांडं बाजूला गेलं, आणि पाणी दिवस मोजून घालायचं सोडून बोटाची दोन पेरं मातीत खुपसून कोरडं लागल्यावर घालायचं ठरलं. पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, हेही मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं. उपाय लागू पडला की नाही, हे पुढे फुटणाऱ्या पानावर बघायचं. ते यायला काही आठवडे गेले, पण पट्टे घेऊन आलं.

दुसरी गोष्ट आटपाडीतल्या आमच्या घरची. आईच्या ओसरीवर मातीच्या कुंडीत अनंत आहे. भावानं त्याचा फोटो मला पाठवला: पानं पिवळी, पाणी कमी केलं तरी फरक नाही. मी तोच फोटो मामांकडे पाठवला, आणि तेव्हा मामा एक वेगळंच बोलले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंगच पिवळट होत जातं, पिवळ्यातला फरक कळेनासा होतो. "माझ्या डोळ्यावर जाऊ नगंस. तू बघ आन् मला सांग."

माझी खरी शाळा तिथे झाली. मी फोटो मोठा करून एकेक सांगत गेले. शेंड्याची पानं पिवळी आहेत. खालची हिरवीगार आहेत. पिवळ्या पानात शिरा हिरव्या आहेत, जाळीसारख्या. पानामागे कोळ्याचं बारीक जाळं किंवा ठिपके दिसत नाहीत. आणि कुंडीच्या बाहेरच्या अंगाला, काठाखाली, पांढरा थर आहे.

"कसलं पानी घालत्यात?" बोअरचं. मामांना तेवढं पुरलं. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. रोज ते घालून कुंडीतली माती चुनखडीच्या रानासारखी होत जाते. लोह मातीत असतं, पण मुळाला घेता येत नाही. आणि अनंताला मुळात आंबट माती लागते, म्हणून तो सगळ्यांत आधी तक्रार करतो.

तरी मामांनी फोटोवरून औषध सांगितलं नाही. संध्याकाळी ते स्वतः आईकडे गेले. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवलं, त्यात साबणाचा थेंब टाकला, आणि शेंड्याच्या एका पिवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या फक्त उजव्या बाजूला ते पाणी कापसानं फिरवलं. डावी बाजू कोरडी ठेवली. त्या फांदीला आईच्या लोकरीचा लाल धागा बांधला. आठ-दहा दिवसांनी भावानं पाठवलेल्या फोटोत उजवी बाजू हिरवी धरू लागली होती, डावी तशीच पिवळी. तूट लोहाचीच, हे त्या एका पानानं सांगितलं. नत्राची असती तर हिराकसानं काही झालं नसतं.

मग कृषी सेवा केंद्रातून ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह आणलं. चुनखडीच्या मातीत साधं हिराकस टाकलं तर थोड्याच दिवसांत ते बांधलं जातं, झाडाला मिळत नाही. हे चिलेट तिथे टिकतं, म्हणून महाग असूनही डाळिंबवाले ते घेतात. आई आता अनंताला पावसाचं साठवलेलं पाणी घालते, आणि ते संपलं की फिल्टरचं.

मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर चांगली आली, तरी फोटो आला की "तू सांग" म्हणायची सवय त्यांनी सोडली नाही. एवढ्या सौदे-फवारण्यांच्या गडबडीत, कुणाच्या तरी हॉलमधल्या कुंडीसाठी, ते मला शिरा, पोत, पेरं, माती एकेक करून बोलायला लावत बसायचे. यातलं मी त्यांना काय परत देऊ?

गेल्या हंगामात पहिल्यांदाच फोटो उलट्या दिशेनं आला. मामांच्या बागेतलं एक डाळिंब, एका बाजूची फांदी पिवळी. मी वरचं-खालचं विचारलं. अख्खी फांदी, वरपासून खालपर्यंत, बाकीचं झाड हिरवं. पाणी, उजेड, लोह यातलं कुठलंच कारण सहसा एका फांदीपुरतं थांबत नाही. मी म्हणाले, "मामा, हे फोटोतून कळायचं नाही. फांदी कापून आतलं लाकूड बघा." त्यांनी कापली. लाकडात तपकिरी-काळपट पट्टे होते. मर. त्या झाडाची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना लागू नयेत म्हणून मामांनी त्याच दिवशी मधे चर खणायला घेतला.