दुसरा मजला नेमका कोणता?

शिरूरहून एस. टी.ने किंवा दौंडहून रेल्वेने पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा एक चिठ्ठी असते. तिच्यावर डॉक्टरांनी इंग्रजीत एक शब्द लिहिलेला असतो आणि तोंडाने सांगितलेले असते, "दुसऱ्या मजल्यावर जा." तेथून पुढे त्याला वाट दाखवायची ती दर्शनी फलकाने आणि लिफ्टच्या बटणांनी. आमचा एक माजी विद्यार्थी अशाच एका रुग्णालयात नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून तेथील फलक मराठीत आणण्याचे काम आम्ही काही महिन्यांपूर्वी केले. त्याची ही हकीकत.

प्रथम आम्हांस वाटले होते, परिभाषा कोश उघडावा आणि शब्द उतरवून घ्यावेत. कोशात पॅथॉलॉजीला 'विकृतिशास्त्र' हा प्रतिशब्द आहे आणि शास्त्राच्या पुस्तकात तो शोभतोही. परंतु रक्त तपासायला आलेल्या म्हातारीने त्या दारावर 'विकृती' वाचून काय समजावे? तिला डॉक्टरांनी सांगितलेले असते "रक्त-लघवी तपासून या." तेव्हा फलकावरही 'रक्त-लघवी तपासणी' हेच हवे, आणि त्याखाली देवनागरीत 'पॅथॉलॉजी', कारण चिठ्ठी वाचून दाखवणारा तोच शब्द उच्चारतो. 'क्ष-किरण' हा शब्द आम्हांस मनापासून आवडतो. १८९५ साली रॉंटगेन यांनी अज्ञात किरणांना बीजगणितातल्या अज्ञाताचे अक्षर दिले आणि मराठीने आपल्या बीजगणितातला 'क्ष' पुढे केला. तरीही फलकावर आम्ही 'एक्स-रे'च ठेवला. उलट 'कान-नाक-घसा' हा शब्दप्रयोग पाहावा. तो इतका सरळ आहे की त्याला हात लावण्याचे कारणच पडले नाही. त्याच्याच धर्तीवर 'अस्थिरोग'च्या आधी 'हाडांचे आजार' लिहिले.

खरी अडचण मात्र मजल्यांत निघाली. आपण ज्याला दुमजली घर म्हणतो त्यात जमिनीलगतचा मजला धरलेला असतो, म्हणजे घराचा दुसरा मजला ही माडी झाली. रुग्णालयात मात्र जमिनीलगतचा तो तळमजला, त्याच्यावरचा पहिला. ही इंग्रजांची मोजणी. अमेरिकेत जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला म्हणतात. त्यामुळे 'दुसरा मजला' ऐकून जिन्याने निघालेला माणूस एक जिना चढून थांबतो आणि तेथे भलताच विभाग असतो. शिवाय 'तळमजला' आणि 'तळघर' यांत 'तळ' सामाईक. या रुग्णालयात एक्स-रे विभाग तळघरात होता, आणि त्याच्या शोधात आलेली माणसे तळमजल्यावरच फिरत राहत.

म्हणून आम्ही मजल्यांची केवळ नावे न बदलता त्यांची व्याख्याच फलकावर लिहिली. तळमजल्यापुढे 'आपण आत आलात तो मजला', तळघरापुढे 'जमिनीखालचा मजला', आणि पहिल्यापुढे 'एक जिना वर'. फलकावरील क्रमही उलटा केला. पूर्वी तळमजला सर्वांत वर लिहिलेला होता. आता सर्वांत वरचा मजला वर आणि तळघर खाली, इमारत उभी असते तसे. लिफ्टची बटणेही त्याच क्रमाने असल्याने दोन्हींचा मेळ बसला.

लिफ्टमध्ये बटणांवर G, B, 1, 2 अशी चिन्हे कोरलेली होती. फलकावर देवनागरी आकडे आणि बटणावर ही, असे ठेवले तर घोटाळा होतो, कारण देवनागरीतला १ घाईत इंग्रजी 9 सारखा दिसतो. आकड्यांच्या बाबतीत आम्ही अभिमान बाजूला ठेवला आणि जे चिन्ह बटणावर, तेच फलकावर प्रत्येक मजल्यापुढे ठळकपणे लिहिले. बटणांवर मात्र कागद चिकटवू दिला नाही. तेथे अंधांसाठी ब्रेलचे उंचवटे असतात. ते झाकले जातात आणि कागदही हातांच्या घामाने लवकर निघतो. त्याऐवजी प्रत्येक बटणाच्या बाजूला छोटी पट्टी लावली: G पुढे 'तळमजला', B पुढे 'तळघर, एक्स-रे'. बाहेरच्या दोन बाणांखालीही 'वर जायचे असल्यास', 'खाली जायचे असल्यास' असे लिहिले. लिफ्ट चौथ्या मजल्यावर दिसली की तिला खाली बोलावण्यासाठी खालचा बाण दाबणारे पुष्कळ असतात, आणि मग वर जायचे असूनही ते तळघरात जाऊन येतात.

फलक तयार झाल्यावर त्याची परीक्षा आम्ही शाळामास्तरी पद्धतीने घेतली. रुग्णालय कधी न पाहिलेल्या एका पालकांच्या हातात 'एक्स-रे' लिहिलेली चिठ्ठी दिली आणि काही न बोलता मागून चालत राहिलो. ते फलकापाशी थांबले, ओठ हलवत वाचले, लिफ्टशी गेले आणि B दाबले. दुसऱ्या एक बाई मात्र फलकाकडे न पाहता थेट सुरक्षारक्षकाकडे गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यासाठी फलकावर हाड, डोळा, थेंब अशी चित्रे काढायला घेतली आहेत. एक्स-रेचे चित्र कसे काढावे, यावर आमच्या चित्रकला शिक्षकांशी अजून वाद चालू आहे.