घाण्यातलं पाणी

शेंगदाण्याच्या घाण्यात पाणी घालावं लागतं, हे मी गिऱ्हाइकापासून कधी लपवलेलं नाही. ऐकून काही जण बाटलीकडे संशयाने बघतात. एकजण तर म्हणाला, "भो, एवढे पैसे घेता आणि वरून पाणीही घालता?" आमच्या तेलाचा भाव ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने या पाण्यापासूनच सुरुवात करावी. माझी तर सगळी हयात त्यातच गेली आहे.

लाकडी उखळात लाट फिरू लागली की दाण्याचा आधी रवा होतो, मग पीठ. तेल सुटलेलं असतं, पण ते पिठातच मुरून बसलेलं असतं. अशा वेळी थोडं पाणी शिंपडलं की पीठ ते पाणी धरतं, त्याचा गोळा होतो, उखळाच्या कडेला पेंडीचा थर चढतो आणि मध्ये तेल साचू लागतं. सोळा किलोच्या घाण्याला, दोन-तीन वेळा मिळून, अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. त्यातलं बहुतेक पाणी पेंडीबरोबर जातं.

अवघड आहे ते किती आणि केव्हा घालायचं, हे. पाणी कमी पडलं तर पीठ कोरडंच फिरत राहतं, लाट करकरते, घाणा तापतो आणि तासाभराने हाती येतं ते नेहमीपेक्षा कमी. जास्त झालं तर तेल दुधाळ उतरतं. ते चार दिवस निवळायला ठेवलं तरी नितळ होत नाही, कढईत टाकताच फसफसतं आणि लवकर खवट होतं. दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे, आणि ती रोज बदलते. मे महिन्यातला दाणा खडखडीत वाळलेला असतो, त्याला पाणी जास्त लागतं. तोच दाणा पोत्यात राहून श्रावणात हवेची ओल पितो आणि त्याला निम्म्याने पुरतं.

मी हे चिमटीने ओळखायचो. चालत्या घाण्यातून चिमूटभर पीठ घेऊन दाबायचं. ते बोटाला चिकटून नुसतं चकाकलं तर थांबायचं, फुटून भुरभुरलं तर आणखी शिंपडायचं. या चिमटीचा मला फार गर्व होता. फैजपूर, सावदा, न्हावीपर्यंतची माणसं तेलाला नाव माझ्या हाताचं देत, आणि ते ऐकायला मी मुद्दाम काट्याजवळ रेंगाळत असे.

तीन वर्षांपासून साखरेच्या आजाराने बोटांची संवेदना गेली आहे. पीठ ओलं की कोरडं, मला आता कळत नाही. घाणा सुनेने हाती घेतला. ती म्हणाली, "आबा, हात म्हणजे काय ते मला मापात सांगा." मला सांगता येईना. मग तिने वही घातली. पोतं कुठलं, दाणा कधीचा, हवा कशी, पाणी किती मिली, कितव्या मिनिटाला आणि तेल किती उतरलं, हे सगळं ती लिहू लागली. आज तिचं तेल माझ्याइतकंच नितळ असतं. कुणी तिच्या तोंडावर तिची तारीफ केली की माझ्या पोटात तुटतं, हे खरं आहे. अजूनही प्रत्येक घाण्याला मी जाऊन चिमूट घेतो. बोटांना काही कळत नाही, तरी घेतो.

वहीमुळे एक झालं. भाव कसा बसतो, ते आता आकड्यांत दाखवता येतं. दाणे 120 रुपये किलो धरा. निवडलेले सोळा किलो मिळायला सतरा किलो घ्यावे लागतात, त्याचे झाले 2,040. तेल उतरतं साधारण 6.4 किलो, निवळून खालचा गाळ गेला की 6.2. पेंड वाळून साडेनऊ किलोच्या आसपास भरते, ती 40 रुपयांनी गेली तर 380 परत येतात. उरलेल्या 1,660 रुपयांना 6.2 ने भागा. किलोमागे 268 रुपये नुसत्या दाण्याचेच झाले. निवडणाऱ्या बायांची मजुरी, वीज, डबे, जागा मिळून साठेक रुपये. आम्ही 350 ला विकतो. दाण्याचा भाव उतरला की आमचाही उतरतो.

यंत्राच्या एक्स्पेलरमध्ये त्याच सोळा किलोंतून सातेक किलो तेल निघतं, कारण तिथे दाब आणि उष्णता दोन्ही जास्त असतात. मोठ्या कारखान्यात तर उरलेल्या पेंडीतूनही हेक्झेन वापरून जवळजवळ शेवटचा थेंब काढतात. आमच्या पेंडीत दहा टक्क्यांहून जास्त तेल राहून जातं. म्हणून आमची पेंड घ्यायला म्हशीवाले सकाळीच येऊन बसतात.

पण उताऱ्यापेक्षा मोठा फरक त्या सतराव्या किलोत आहे. रिफायनरीत तेल क्षाराने धुतात, मातीतून गाळून रंग काढतात आणि दोनशे अंशांच्या वर वाफ देऊन वास उडवतात. तिथे दाणा थोडा खवट, फुटका असला तरी चालून जातं. आमच्याकडे धुणारं कुणी नाही. बुरशीचा दाणा घाण्यात गेला तर त्याचं विषही तेलात उतरतं आणि तेलातच राहतं. म्हणून चार बाया सुपात घेऊन काळपट, सुरकुतलेला, हिरवट झाक असलेला एकेक दाणा बाजूला काढतात. तो किलो आम्ही ना पेंडीत घालतो, ना गुरांना. आमच्या भावाला कुठे आधार असेल तर तो इथे आहे.

आमच्या शिवारात केळी. शेंगा येतात धुळे-साक्रीकडून. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा जेएल-24, ज्याला फुले प्रगती म्हणतात, तो मिळाला की मी खूश असतो. दाणा एकसारखा असला की पाणीही एकसारखं लागतं.

डिसेंबर 1936 मध्ये आमच्या फैजपुरात नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याच वेळी खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं. त्या काळात वर्ध्याच्या मगनवाडीत झव्हेरभाई पटेलांनी बैलघाणीत सुधारणा केल्या. घाणीचं तेल घेणं तेव्हा खेड्याला काम देणं होतं. मला ते पटतं, पण त्या नावावर मी आज कुणाकडून दोन पैसे जास्त मागणार नाही.

आरोग्याच्या नावावरही नाही. हल्ली रस्त्यारस्त्यावर 'लाकडी घाणा' अशा पाट्या लागल्या आहेत आणि त्यांवर 'कोलेस्टेरॉल नाही' असं लिहिलेलं असतं. ते कुठल्याच शेंगदाणा तेलात नसतं, रिफाइंडमध्येही नाही. घाणा अगदी गारही राहत नाही, तेल कोमट उतरतं. आणि दाखवायला दारात घाणा, विकायला आत रिफाइंड मिसळलेले डबे, असे धंदे मी पाहिलेत. पहिला वास छान येतो, भाकरीवर घातलं की चव लागत नाही. असल्या तेलाशी भावाची तुलना झाली की मला राग येतो.

तुलना करायचीच तर वजनाने करा. आम्ही किलोने विकतो, दुकानात लिटरने मिळतं, आणि लिटरभर तेल 910 ग्रॅमच्या आसपास भरतं. काही पिशव्यांत तर त्याहूनही कमी असतं, ते पिशवीवर छापलेलं असतं. आमचे 350 लिटरच्या हिशेबाने 318 होतात. तरीही महागच आहे.

ज्याच्याकडे रोज भज्यांची कढई चढते, त्याला मी सरळ रिफाइंड घ्यायला सांगतो. आमचं तेल लवकर धुरावतं, तळणात त्याची चव जळून जाते, पैसे वाया. भरितावर, ठेच्यात, कळण्याच्या भाकरीसोबत कच्चं खायला घ्या. घरात चार माणसं असतील तर महिन्याला किलोभर पुरतं. बाकी स्वयंपाक दुसऱ्या तेलात करा. आणि एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त भरू नका. मागच्या आठवड्यात यावलच्या एका बाईंनी पंधरा किलोचा डबा मागितला, लग्नघर होतं. सुनेने त्यांना तीन किलो दिलं आणि उरलेलं बाजारातून घ्या म्हणाली. मी तिथेच बसलो होतो, काही बोललो नाही.