लोणच्याचा खार आणि पोटरीतला गोळा

गेल्या जानेवारीतील गोष्ट. माझे एक जुने रुग्ण, वय ६८, बँकेतून निवृत्त झालेले, सूनबाईंसह दवाखान्यात आले. तक्रार किरकोळ होती. पायांना थोडी सूज वाटते, एवढेच. मी रक्तदाब मोजला, तो १६६/९४ भरला. गोळी रोज वेळेवर घेणाऱ्या आणि एरवी १३०च्या पुढे न जाणाऱ्या या गृहस्थांचा दाब एकाएकी कशामुळे चढला, हे मला कळेना. अखेर सूनबाईंनीच उलगडा केला. "डॉक्टर, बाबा रोज सकाळी लोणच्याचा खार पितात."

काका ओशाळून हसले. डिसेंबरपासून ते मित्रांबरोबर पर्वती चढू लागले होते. दुसऱ्या फेरीत, वरच्या पायऱ्यांवर, उजव्या पोटरीत गोळा येई आणि कठडा धरून उभे राहावे लागे. एका मित्राने केळी सांगितली. अमेरिकेतल्या नातवाने कळवले की तिकडे खेळाडू लोणच्याचे पाणी पितात. काकांनी घरातल्या लिंबाच्या लोणच्याचा खार सुरू केला, रोज दोन मोठे चमचे. शिवाय अर्धा चमचा मीठ घातलेले लिंबूपाणी, चढण्यापूर्वी एकदा आणि घरी आल्यावर एकदा. "हे मिठाचं मात्र तुम्हीच सांगितलं होतंत," ते म्हणाले.

ते खरे होते. पूर्वी कधीतरी, घाईच्या वेळी, "घामातून मीठ जातं, थोडं मीठ-पाणी घेत जा," असे मी बोलून गेलो होतो. किती, कोणी आणि कधी, यांपैकी काहीच सांगितले नव्हते. अर्धा चमचा मीठ म्हणजे सुमारे ३ ग्रॅम. दोन वेळा मिळून ६ ग्रॅम झाले. दिवसभराच्या सगळ्या अन्नातून मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जेवणातले मीठ आणि खार तर वेगळाच.

मी जे सांगितले त्याला इतिहास आहे. १९२०च्या दशकात इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत, भयंकर उष्म्यात तासन् तास राबणाऱ्या मजुरांना पेटके येत. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जात आणि मजूर नुसतेच पाणी पीत. त्यांना मीठ घातलेले पाणी दिल्यावर आराम पडला. तिथून 'गोळा म्हणजे मिठाची कमतरता' हे समीकरण डॉक्टरांच्याही डोक्यात बसले. वैशाखाच्या उन्हात दिवसभर राबणाऱ्या शेतमजुराला ते आजही लागू पडू शकते.

परंतु काका पर्वती चढत होते ते जानेवारीच्या थंडीत, अंगात स्वेटर घालून. पंधरा मिनिटांत असा कितीसा घाम जाणार? आणि मीठ कमी झाले असते, तर ते सर्व शरीरात कमी झाले असते. मग गोळा नेमका राबणाऱ्या पोटरीतच का यावा? दक्षिण आफ्रिकेत ५६ किलोमीटर धावणाऱ्यांची तपासणी झाली. गोळे आलेले आणि न आलेले धावपटू यांच्या रक्तातील क्षारांत किंवा शरीरातील पाण्यात, गोळ्यांचे कारण ठरावे इतका फरक आढळला नाही.

आज अधिक पटणारे स्पष्टीकरण थकव्याचे आहे. स्नायूला 'आवळ' सांगणारे आणि 'आता सैल हो' सांगणारे असे दोन्ही संदेश मज्जारज्जूतून सतत जात असतात. सवयीपेक्षा अधिक काम पडून स्नायू थकला की आवळण्याचा संदेश वरचढ होतो, सैल करणारा दुबळा पडतो आणि स्नायू आखडून बसतो. म्हणूनच त्याला ताण दिला की गोळा सुटतो. ताणामुळे सैल करणारा संदेश पुन्हा जागा होतो.

मग खाराने बरे वाटते ते कसे? २०१०मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी निरोगी तरुणांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेच्या सौम्य झटक्यांनी गोळा आणला आणि त्यांना काकडीच्या लोणच्याचे पाणी पाजले. गोळा सरासरी दीड मिनिटाच्या आत ओसरला. साधे पाणी दिल्यावर सव्वादोन मिनिटे लागली. इतक्या अल्पावधीत मीठ रक्तात पोहोचलेलेही नव्हते. संशोधकांचा तर्क असा की व्हिनेगरची तीव्र आंबट चव घशाला झोंबते आणि तिथून निघालेला संदेश आखडलेल्या स्नायूला ढिला करतो. म्हणजे परिणाम असलाच तर तो चवीचा, आणि तोही आलेला गोळा लवकर जाण्यापुरता. सकाळी पिऊन ठेवलेला खार पुढचा गोळा अडवतो, असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. शिवाय ते लोणचे व्हिनेगरमधले. आपल्या खारात मुख्यतः मीठच.

केळ्याचेही तसेच. एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते खरे, पण ते पचून रक्तात उतरायला तासाभराचा अवधी लागतो आणि तेव्हाही रक्तातील पातळी जेमतेम हलते. केळे भूक भागवते, गोळा थांबवत नाही. मात्र मूत्रपिंड अधू असेल, किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखे पोटॅशियम साठवणारे औषध चालू असेल, तर रोज किती केळी खावीत हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

गोळ्याचे मूळ कळण्यासाठी मी काकांना एकच प्रश्न खोदून विचारला: थांबल्यावर काय होते? त्यांची पोटरी दगडासारखी टणक होई आणि पाय ताणल्यावरच सुटे. हा खरा गोळा. ठरावीक अंतर चालले की दरवेळी पोटरी दुखते, स्नायू टणक होत नाही आणि नुसते उभे राहिल्यावर दोन-चार मिनिटांत दुखणे थांबते, असे असेल तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका घ्यावी. त्यावर ना मीठ चालते, ना केळे. एकच पोटरी सुजून गरम झाली आणि दुखणे हटेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. काकांच्या पावलावरची नाडी दोन्ही बाजूंना चांगली लागत होती.

मी खार आणि मीठ-पाणी बंद केले. तहानेपुरते साधे पाणी पुरे. महिनाभर एकच फेरी, तीही मध्ये दोनदा थांबून. त्यानंतर निम्मी फेरी वाढवायची. घरी ओट्याला धरून टाचा उचलण्याचा व्यायाम, दहा वेळा, दिवसातून दोनदा. गोळा आलाच तर आधी पायरीवर बसायचे, कारण म्हातारपणी गोळ्यापेक्षा पडण्याचे भय मोठे. मग गुडघा सरळ करून पावलाचा चवडा हळूहळू आपल्याकडे ओढायचा आणि वीस-तीस सेकंद धरून ठेवायचा. झटका द्यायचा नाही, जोरात रगडायचेही नाही.

तीन आठवड्यांनी दाब १३४/८२ आला, औषधात काहीही बदल न करता. सूज उतरली होती. मार्चअखेर काका दोन फेऱ्या करू लागले. अधूनमधून पोटरी कुरकुरते, तेव्हा ते बसतात.

खाराची बरणी सूनबाईंनी फडताळात वर ठेवली आहे. आणि मी "थोडं मीठ-पाणी घेत जा" असे म्हणण्यापूर्वी आता समोरच्याचा रक्तदाब मोजतो.