बाराच्या ठोक्याला सावली कुठे असते?

सातारा
२६ नोव्हेंबर

चि. मनीषा,


तुझं पत्र आणि मुलांच्या वह्यांचे फोटो मिळाले. तिसरीच्या मुलांनी एकमेकांच्या सावल्या खडूने आखल्या, दिवसातून तीनदा आखल्या, हे छानच झालं. पण फोटो मोठा करून पाहिला आणि हसू आलं. फरशीवर दुपारी बाराची सावली चांगली मीटरभर लांब आखलेली आहे, आणि त्याच मुलाच्या वहीत लिहिलंय, ‘दुपारी १२ वाजता सावली पायाखाली येते.’ त्याला रागावू नकोस. मोठ्यांकडून ऐकलेलं वाक्य समोरच्या खडूपेक्षा पक्कं असतं, एवढंच. मात्र हा तिढा सोडवायचा तर अंगाची सावली पुरणार नाही, काठी लागेल.

अंगाची सावली खेळायला उत्तम, मोजायला वाईट. मूल दुसऱ्यांदा उभं राहतं तेव्हा पाऊल चार बोटं सरकतं, मान वाकते, आखणाऱ्याची स्वतःचीच सावली मधे येते. पहिल्यांदा पावलं आखून ठेवलीस आणि नंतर त्यातच उभं केलंस तरी फरक राहतोच. ती आखणी पहिली-दुसरीसाठी ठेव. त्यांना घड्याळ येत नाही. पण परिपाठ, छोटी सुट्टी, खिचडी, शाळा सुटणं हे सगळं येतं. त्या-त्या वेळी खांबाच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि पुढचा खडा कुठे पडेल ते आधी पैज लावून सांगायचं. पैजेशिवाय हा खेळ खेळू नकोस. आधी अंदाज केला नाही तर मुलं नुसती आखत बसतात.

तिसरी-चौथीसाठी ५० सेंटिमीटरची सरळ काठी घे. मैदानात सपाट जागा शोध. उतार असला तर उताराच्या बाजूची सावली उगाच लांबते, म्हणून बाटली पाण्याने जवळजवळ पूर्ण भरून, झाकण लावून आडवी ठेव आणि बुडबुडा मधे थांबतो का बघ. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा कर आणि काठी दोन बाजूंनी तपास. मग पहिली घंटा झाल्यावर, साधारण साडेदहाला, सावलीच्या टोकाशी बाभळीचा काटा रोव. काठीच्या बुडाला सुतळी अडकवून त्या काट्यातून जाणारं वर्तुळ राखेने काढ. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या भागात, ही सावली ५७ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. टोक थोडं धूसर दिसेल. सूर्य ठिपका नाही, थाळी आहे, म्हणून कडा विरते. गडद भाग संपतो तिथेच दर वेळी खूण करायची, हे मुलांशी आधीच ठरवून घे.

यानंतर सावली वर्तुळाच्या आत शिरते. मुलं दर पाव तासाने मोजतील आणि दुपारी गोंधळतील, कारण बारा वाजल्यापासून पाऊण वाजेपर्यंत सावली जेमतेम अर्धा सेंटिमीटर बदलते. पट्टीने मोजणाऱ्या मुलाला ती तशीच दिसणार. ‘सर्वांत लहान सावली किती वाजता?’ असं विचारलंस तर अर्धा वर्ग बारा म्हणेल, अर्धा साडेबारा, आणि सगळे आपापल्या पट्टीने बरोबर असतील. म्हणून तळाशी शोधू नकोस, दोन्ही कडांवर शोध. सावलीचं टोक पुन्हा त्याच वर्तुळाला टेकेल तेव्हा तिथे दुसरा काटा रोवायचा आणि घड्याळ बघायचं. त्या वेळी सावली झपाट्याने वाढत असते, त्यामुळे टेकण्याचा क्षण चुकत नाही. तो साधारण दोन वाजून अठरा मिनिटांनी येईल. साडेदहा आणि दोन-अठराच्या बरोबर मधली वेळ किती? बारा वाजून चोवीस मिनिटं. हे गणित तिसरीतलं मूल बोटांवर करतं: ३ तास ४८ मिनिटांचं निम्मं.

आता त्या वहीतल्या वाक्याला दोन्हीकडून धक्का बसतो. मध्यान्ह बाराला नाही, आणि मध्यान्हीलाही सावली पायाखाली नाही. ५० सेंटिमीटरच्या काठीची ती तब्बल ४२ सेंटिमीटर उरते. मुलं ‘का?’ विचारतील तेव्हा पहिल्या भागाचं उत्तर सोपं ठेव. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेलं आहे, तो आपल्या बराच पूर्वेला. सूर्य तिथे आधी माथ्याच्या रेषेत येतो, मग नागपूरला, मग आपल्याकडे. त्याच दिवशी नागपूरला हा मध्य बारा वाजून चार मिनिटांच्या सुमारास येईल. तुझी ती नागपूरची मैत्रीण शाळेतच आहे ना? तिच्या वर्गाला काठी रोवायला सांग आणि दोन्ही वर्गांना फोनवर आकडे अदलाबदल करू दे. ऋतूनुसार हा मध्य थोडा पुढे-मागे होतो. साताऱ्यात फेब्रुवारीच्या मध्यावर तो पावणेएकच्या पुढे गेलेला असेल. त्याचं कारण चौथीला सांगायच्या भानगडीत पडू नकोस.

वर्तुळावरचे दोन काटे उपटू नका. त्यांना जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. काठीच्या बुडापासून त्या रेषेच्या मध्यावर गेलीस की उत्तर. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात वेदीची दिशा ठरवायला शंकूभोवती वर्तुळ काढून हेच केलेलं आहे. ही रेषा चुन्याने पक्की कर, कारण पुढचा खेळ तिच्यावरच आहे. सकाळी सूर्य डोंगरावर आला की त्याच्याकडे टक लावून न बघता सावली कुठे पडते ते बघायचं. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ म्हणणाऱ्या मुलांना दिसेल की चुन्याच्या रेषेवरून सावली सरळ जातच नाही, ती वायव्येकडे कललेली आहे. डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून दक्षिणेकडे चांगला सरकून उगवतो. हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षाही जास्त. उगवत्या सूर्याकडे तोंड करून दिशा ओळखण्याचा धडा तू या महिन्यात घेतलास तर सगळा वर्ग थोडा तिरका उभा राहील. तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात घे, तेव्हा सूर्य रेषेवर येतो.

खेळायचंच असेल तर सावलीची शिवाशिवी घे: ज्याच्या सावलीच्या डोक्यावर पाय पडला तो बाद. मधल्या सुट्टीत एकदा आणि शाळा सुटण्याआधी एकदा. साडेचारला ५० सेंटिमीटरच्या काठीची सावली दीड मीटरवर गेलेली असते, त्यामुळे संध्याकाळी सगळे पटापट बाद होतात आणि दुपारी कुणीच सापडत नाही. यातला लबाड मुलगा स्वतःची सावली भिंतीच्या सावलीत नेऊन लपवतो. त्याला बाद करू नकोस, काय केलं ते सगळ्यांना सांगायला लाव. दुसरा खेळ तुझ्या गप्प मुलींसाठी. एकीने मान खाली घालून फक्त काठीची सावली बघायची आणि सूर्य कुठे आहे, सकाळ आहे की दुपार उलटून गेलीय, ते सांगायचं. चुन्याची रेषा असेल तरच हे जमतं.

एक गोष्ट मात्र वर्गात पूर्ण होणार नाही. सावली खरोखर पायाखाली येते, पण आपल्याकडे ती १० मेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. एकदा सुट्टी, एकदा ढग. त्या दोन तारखांच्या मधे दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. म्हणून ‘दुपारची सावली उत्तरेला’ असं फळ्यावर लिहायचं झालं तर त्यापुढे महिना लिही. मुलांना मेच्या सुट्टीचा गृहपाठ एवढाच दे: अंगणात उभी बाटली ठेवायची, साडेबाराला बघायचं, आणि जून उजाडल्यावर तारीख सांगायची.

डिसेंबरचे आकडे आले की पाठव. फेब्रुवारीत काठी त्याच भोकात रोवायची आहे, तेव्हा भोक बुजू देऊ नकोस.

तुझी
आत्या