हजेरी माफ करून घ्यायचीय? आधी तक्ता मांडा

मुंबई विद्यापीठाच्या नियमानुसार सरासरी ७५ टक्के हजेरी लागते, शिवाय प्रत्येक विषयात किमान ५० टक्के. हा दुसरा आकडा खेळाडू विसरतात. बोरिवलीत शिकणारी माझी भाची कॉलेजकडून कबड्डी खेळते. २०० तासांपैकी भरले १३८, हवेत १५०. "मामा, प्रमाणपत्र जोडलंय की!" पण प्रमाणपत्रावर तारखा असतात, बुडालेले तास नसतात. मग तिनं तारीख, सामना, तास, विषय असा तक्ता केला. सामन्यांपायी २० तास बुडालेले. त्यातले ९ अर्थशास्त्राचे, आणि तिथं हजेरी ४० पैकी फक्त १८! म्हणून अर्जात दोन्ही मागण्या लिहिल्या. जिमखाना प्रमुखांची सही मात्र सामन्याच्याच आठवड्यात घ्या. सत्र संपल्यावर कुणाला काही आठवत नाही.