एक विचारू का?

अंकुशनगरहून मामेभावाचा मेसेज आला, रात्री सव्वादहाला. ‘दादा, एक विचारू का?’ मी पुण्यात, ऑफिसच्या कॉलवर. पावणेबाराला लिहिलं, ‘विचार की.’ निळ्या टिका आल्या. ‘टायपिंग’ दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं, गेलं. सकाळी मी विसरून गेलो.

आमच्या कामात नव्या पोराला dontasktoask.com ची लिंक देतात. विचारू का, असं विचारत बसू नका, थेट प्रश्न टाका. कोडच्या बाबतीत ते बरोबरच आहे. प्रश्न दिसल्याशिवाय उत्तर येतंय की नाही हे कुणाला कळणार?

दिवाळीत त्याचा प्रश्न कळला. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा दुसरा दिवस शेवटचा होता. पहिल्या नंबरला कुठलं कॉलेज टाकू, एवढंच. पहिली पसंती लागली की सीट फ्रीझ होते, पुढच्या राउंडला जाता येत नाही. यानं कॅफेवाल्याचं ऐकून जवळचं कॉलेज वर टाकलं. तेच लागलं.

“मग लिहिलं का नाहीस?”

“लिहून खोडलं. बारा वाजत आलेले. म्हटलं, एवढ्याशासाठी दादाला कशाला जागवू?”

तो प्रश्नाची नाही, माझ्या वेळेची परवानगी मागत होता. ती मी दीड तास उशिरा दिली, तीही दोन शब्दांत. ‘विचार की’ म्हटलं की सगळं ओझं परत समोरच्यावर. आता मी लिहितो, ‘जागा आहे. कशाबद्दल?’ त्याला एका शब्दात उत्तर देता येतं. ‘ॲडमिशन’ एवढं जरी आलं असतं, तरी मी फोन केला असता.