थिअरीबाईंना अनावृत पत्र



थिअरीबाई, आपली ओळख जुनी. मी एम.ए. इंग्रजीच्या वर्गाला शिकवते आणि दर सत्राच्या शेवटी तुमच्या नावाने आलेला असाइनमेंटचा गठ्ठा तपासते. आमच्याकडे मुलं तुम्हाला ‘लावतात’. "मॅडम, या कादंबरीला पोस्टकलोनिअल लावू की मार्क्सिस्ट?" असं विचारतात. डोकं दुखल्यावर कुठला बाम लावू विचारावं, त्याच सुरात. तुम्हालाही हे आवडत नसणार, असा माझा समज आहे. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितेय.

यंदा गठ्ठ्यात जेन ऑस्टिनची ‘मॅन्सफिल्ड पार्क’ होती, 1814 सालची. पोर्ट्समथच्या गरीब घरातली दहा वर्षांची फॅनी प्राइस श्रीमंत मावशीकडे राहायला येते आणि आश्रिताचं बोचकं अंगावर घेऊन तिथेच मोठी होते. मावशीचे यजमान सर थॉमस बर्ट्रम यांची कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर मालमत्ता आहे. त्या काळी अँटिग्वात ऊस व्हायचा आणि तो गुलाम पिकवत. ऑस्टिन हे सांगत बसत नाही. अँटिग्वाचा उल्लेख येतो आणि जातो. 1993 साली एडवर्ड सईद यांनी ‘कल्चर अँड इम्पिरिअलिझम’मध्ये या उल्लेखांवर बोट ठेवलं आणि तेव्हापासून तुमचं या घरात येणंजाणं सुरू झालं. त्याबद्दल तक्रार नाही. ते बोट ठेवलं गेलं नसतं, तर मीही तिथून सरळ पुढे गेले असते.

तक्रार पुढची आहे. चाळीसपैकी तीसेक असाइनमेंटमध्ये एकच प्रसंग होता: फॅनी काकांना गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते, सर थॉमस अपराधी भावनेने गप्प होतात आणि ही शांतता म्हणजे साम्राज्याचा दडवलेला गुन्हा. एकीने तर त्यांचा चेहरा पडल्याचंही लिहिलं. मी तिला बोलावलं, कादंबरी पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, दाखव. दुसऱ्या खंडातलं तिसरं प्रकरण. दोघींनी मिळून वाचलं.

तिथे तो प्रसंग घडतच नाही. तो आदल्या संध्याकाळी होऊन गेलेला आहे आणि फॅनी व तिचा मावसभाऊ एडमंड त्याबद्दल नंतर बोलत आहेत. एडमंड तिला सांगतोय की तू काकांशी आणखी बोलायला हवंस. ती म्हणते, बोलते की, काल मी विचारलं ते ऐकलं नाहीस का? तो म्हणतो, ऐकलं, आणि तो विषय इतरांनी पुढे न्यावा असं वाटलं; आणखी विचारलं असतं तर वडिलांना आवडलंच असतं. मग फॅनी कारण सांगते. तिला विचारायचं होतं, पण सगळीकडे चिडीचूप. मावसबहिणी काही न बोलता, रस नसल्यासारख्या बसलेल्या. अशा वेळी आपण काकांच्या माहितीत कुतूहल आणि आनंद दाखवला, तर त्यांच्या लेकींना कमी लेखून स्वतः पुढे पुढे केल्यासारखं दिसेल, असं तिला वाटलं.

म्हणजे गप्प आहेत त्या मुली, आणि त्याही कंटाळ्याने. सर थॉमस गप्प झाले असं कुणी म्हणत नाही. माहितीचा उल्लेख आहे, तेव्हा ते काहीतरी बोलले असावेत. काय बोलले, ते कादंबरी सांगत नाही. फॅनीने नेमकं काय विचारलं, तेही सांगत नाही. बंडखोर फॅनी आणि अपराधी सर थॉमस अशी जोडी मुलांनी दुसरीकडून आणलेली होती. विचारल्यावर निम्म्यांनी कबूल केलं की त्यांनी पॅट्रिशिया रोझेमाचा 1999चा चित्रपट पाहिला होता. त्यात फॅनीला गुलामांवरच्या अत्याचारांची रेखाटनं सापडतात. कादंबरीत असं एकही पान नाही.

विद्यार्थिनी खट्टू झाली. म्हणाली, "मग इथे पोस्टकलोनिअल काहीच नाही?" मी तिला एक काम दिलं. परिच्छेदाशेजारी तीन रकाने आखायचे. पहिल्यात पानावर शब्दशः आहे तेवढंच. दुसऱ्यात त्यावरून आपण काय ताडतो. तिसऱ्यात इतिहासातून आणलेलं. आणि एका रकान्यातलं वाक्य दुसऱ्यात सरकू द्यायचं नाही.

पहिल्या रकान्यात आलं: प्रश्न, बहिणींची उदासीनता, फॅनीचा संकोच. तिसऱ्यात तिने लिहिलं की ब्रिटिश संसदेने 1807 साली गुलामांचा व्यापार बंद केला, पण अँटिग्वातली गुलामगिरी 1834पर्यंत चालूच राहिली. इथे तिला पहिल्यांदा जाणवलं की व्यापार आणि गुलामगिरी या दोन गोष्टी तिने आधीच्या मसुद्यात एक केल्या होत्या. मग फॅनी हे विचारते कधी? कादंबरी साल सांगत नाही. पण फॅनीच्या खोलीत क्रॅबच्या ‘टेल्स’चं पुस्तक आहे आणि ते 1812चं. तेवढ्यावर विसंबलं तर हा प्रश्न बंदी येऊन काही वर्षं झाल्यानंतरचा. म्हणजे दिवाणखान्यात विचारायला तसा सोपा. हे साल धरलंच पाहिजे असं नाही. अभ्यासकांत वाद आहे. पण वाद आहे हे लिहिणं आणि चेहरा पडला हे लिहिणं यांत फरक आहे.

सगळ्यात जड निघाला दुसरा रकाना. दुसरा प्रश्न फॅनीच्या ओठांवर का अडकला? कारण ती आश्रित आहे. घरच्या लेकींपेक्षा हुशार दिसणं तिला परवडत नाही. म्हणजे गुलामांचा विषय या घरात दाबला जातो तो कुणी धमकावल्यामुळे नव्हे. मालकाच्या मुलींना त्याचं सोयरसुतक नाही आणि ज्या मुलीला आहे तिची पायरी खालची आहे. वर्ग आणि वसाहत ही तुमची दोन घराणी एकाच वाक्यात भेटली. हे वाचन मला पडलेल्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी पटीने चांगलं वाटलं, आणि त्यात उसनवारी शून्य. सईद यांनी त्या शांततेत दोन जगांना जोडणारी भाषाच नसल्याची खूण पाहिली होती. विद्यार्थिनीने त्यांच्याशी मतभेद नोंदवला. सईद यांच्याशी असहमत व्हायला तिला धीर आला, कारण तिच्या हातात परिच्छेद होता. नाहीतरी ऑस्टिनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं त्यांच्याही मनात नव्हतं. त्यांना कादंबरी पूर्ण वाचायची होती.

पैशाचंही तसंच. ‘मॅन्सफिल्डचा डोलारा गुलामांच्या श्रमावर उभा आहे’ हे वाक्य मला दर वर्षी भेटतं. असेलही. पण सुरुवातीलाच कादंबरी सांगते ते उलटं: वेस्ट इंडीजच्या मालमत्तेत अलीकडे तोटा झालाय आणि थोरल्या मुलाच्या उधळपट्टीने त्यात भर पडलीय. एकूण उत्पन्नात अँटिग्वाचा वाटा किती, हे कुठेच येत नाही. तेव्हा ‘उभा आहे’ला ‘काही अंशी’ जोडावं आणि तोटा नोंदवावा. त्याने युक्तिवाद दुबळा होत नाही. तोटा होताच सर थॉमस स्वतः जहाजात बसतात, ही गोष्ट त्या मालमत्तेची निकड सांगायला पुरेशी आहे. आणि जाता जाता: परत आल्यावर ते आपली ‘प्लांटेशन्स’ पाहायला फिरतात, तिथे लाल पेनने ‘स्लेव्हरी!’ लिहू नये. ती इंग्लंडातली लावलेली झाडी आहे.

आता तुमच्या मार्क्सवादी बहिणीबद्दल दोन शब्द. तिला फॅनी फार आवडते. शोषित, बोलता न येणारी, थंडीत शेकोटीविना खोलीत बसणारी. मिसेस नॉरिस या दुसऱ्या मावशीने त्या खोलीत विस्तव पेटवायचा नाही असं बजावलंय, हे खरंच आहे. पण तिसऱ्या खंडात फॅनी पोर्ट्समथला आईवडिलांच्या घरी जाते आणि तिथे सगळी सिद्धांतरचना कोसळते. श्रीमंत स्थळ नाकारल्यावर काकांनी तिला मुद्दाम पाठवलंय, चांगल्या उत्पन्नाची किंमत कळावी म्हणून. आणि ती कळते! गोंगाट, पातळ भिंती, अर्धवट घासलेल्या ताटल्या. मोलकरणीच्या हातचं तिच्या घशाखाली उतरत नाही. ती संध्याकाळी गुपचूप बिस्किटं मागवते. घर म्हटलं की आता तिला मॅन्सफिल्डच आठवतं. दोन धाकट्या बहिणी चांदीच्या सुरीवरून भांडतात, तेव्हा ती नवी सुरी विकत आणून भांडण मिटवते. पैसे कुठले? निघताना काकांनी दिलेल्या दहा पौंडांतले.

बहुतेक असाइनमेंट पोर्ट्समथच्या आधीच थांबतात. हा योगायोग नाही. जिथे कादंबरी आपलं म्हणणं मोडते, ते प्रकरण मुलं गाळतात, आणि तपासणाऱ्याला ते तिथेच कळतं. माझं म्हणणं, तिथूनच लिहायला घ्यावं. गरीब मुलगी वरच्या वर्गाची चव इतकी आत्मसात करते की स्वतःच्या आईच्या घरात परकी होते, हे ‘फॅनी शोषित आहे’पेक्षा अवघड आणि खरं विधान आहे. ऑस्टिन तिच्या नाजूकपणाला हसते की तिची बाजू घेते, हे मला आजही नक्की ठरवता येत नाही. असाइनमेंटमध्ये तसं लिहिलेलं मला चालतं.

बाई, एक चाचणी मी आता वर्गात सक्तीची केलीय. आपल्या परिच्छेदातलं कादंबरीचं नाव खोडायचं आणि तिथे ‘जेन एअर’ घालून वाचायचं. परिच्छेद तरीही बिनतक्रार उभा राहिला, तर तो कादंबरीबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. खोडून टाकायचा.

तुमच्याकडून एवढंच हवंय की शेवटचं पान उलटेपर्यंत दाराबाहेर थांबा. मग या, आणि येताना निकाल आणू नका, प्रश्न आणा. लेडी बर्ट्रमपासून सुरुवात करू. फॅनीचा भाऊ विल्यम आरमारात आहे. कोचावर बसल्या बसल्या मावशी म्हणते की तो ईस्ट इंडीजला गेला तर बरं, म्हणजे मला शाल मिळेल. मग क्षणभर विचार करून म्हणते, दोन. इथे खणून काढायला काही नाही, सगळं पृष्ठभागावरच आहे. चाळीस असाइनमेंट तपासल्या, त्या दोन शालींवर एकानेही ओळ लिहिलेली नाही.

आपली,
एम.ए. भाग दोनची एक शिक्षिका